एकाच फोटोवरून स्टिकर काढताना चेहरा तोच कसा राहिला? अनुभव सांगा

कुंचला

आमच्या आजीचा धड असा एकच फोटो आहे. मामेभावाच्या मुंजीतला, अगदी समोरून काढलेला, ओठ मिटलेले, डोळ्यांवर चष्मा. त्यावरून मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी तिचे बारा स्टिकर काढायला घेतले: ‘जेवलास का?’, ‘अगं बाई!’, ‘शाब्बास’, ‘झोपा आता’ असे तिच्याच तोंडचे.

पहिलं, फोटोसारखंच शांत चित्र हुबेहूब आजी झालं. दुसरं ‘अगं बाई!’ काढलं आणि बहीण म्हणाली, “ही कोण?” चष्मा तोच, कुंकू तेच, अंबाडा तोच. तरी ती आजी नव्हती.

दोन दिवस दोन्ही चित्रं एकमेकांवर ठेवून पाहिली तेव्हा चुका सापडल्या. आश्चर्य दाखवायला मी डोळे सगळ्या बाजूंनी मोठे केले होते. त्यामुळे दोन डोळ्यांमधली जागा कमी झाली, आणि आजीचे डोळे तर एकमेकांपासून चांगले लांब आहेत. तोंड उघडलं, पण हनुवटी जागची हलवली नाही, म्हणून उघडं तोंड नाक आणि हनुवटीच्या मध्ये कोंबल्यासारखं दिसत होतं. शिवाय दोन्ही भुवया सारख्याच उचलल्या. तिची डावी भुवई मुळातच जरा खाली असते.

मग मूळ चित्राचा एक फिकट लेयर खाली ठेवला आणि त्यातल्या चार गोष्टी पक्क्या धरल्या: डोळ्यांचे कोपरे, नाकाची रुंदी, केसांची रेघ, कान. डोळा उघडताना फक्त वरची पापणी उचलली, म्हणजे बुबुळाच्या वर पांढरं दिसायला लागलं. जबडा खाली सोडला, चेहरा लांब झाला तर होऊ दिला. भुवया दोन्ही वर नेल्या, पण डावी उजवीपेक्षा जरा खालीच ठेवली. बहिणीला परत दाखवलं तर ती लगेच “अगं बाई!” असं आजीच्या सुरात म्हणाली.

तुमच्याकडे चेहरा कुठे हरवला आणि कशाने परत आला, ते सविस्तर लिहा.

तैलरंग

मी बरीच वर्षं व्यक्तिचित्रं करतो. माझ्या अनुभवात चेहरा सगळ्यात जास्त हरवतो तो हसण्यात. मिटलेल्या ओठांचा फोटो असला की माणसं ओठांची टोकं वर वळवतात आणि बाकी चेहरा तसाच ठेवतात. त्याने मुखवटा होतो. खरं हसताना गाल वर येतात, ते खालच्या पापणीला ढकलतात आणि डोळा बारीक होतो. नाकपुड्यांपासून ओठांकडे येणारी घडी खोल होते, नाकपुड्या किंचित पसरतात. आधी गाल आणि खालची पापणी काढा, ओठ सगळ्यात शेवटी.

दात सुटे सुटे काढू नका. फोटोत ते दिसतच नाहीत, म्हणजे तुम्ही कुणा दुसऱ्याचे दात त्या तोंडात बसवता. एक सलग पांढरी पट्टी पुरते. पुढच्या दातांत फट असल्याचं नक्की माहीत असेल तर तेवढी एक रेघ द्या. ती ओळखीला फार मदत करते.

आणखी एक. चॅटमध्ये स्टिकर लहान दिसतो, म्हणून हालचाल खऱ्यापेक्षा वाढवावी लागते. पण जे हलतं तेवढंच वाढवायचं: भुवई, पापणी, ओठ, जबडा. उत्साहात नाकही वाढवलंत तर माणूस बदलला.

सोलापुरी चादर

माझ्या मते एवढं मोजमाप लागत नाही. ओळख म्हणजे चष्मा, मिशी, टोपी. मी बाबांचे आठ स्टिकर काढले, चेहरा जवळपास गोल वर्तुळ, मिशी आणि गांधी टोपी. सगळ्यांनी एका झटक्यात ओळखले.

कुंचला

चादर, लहान आकारात ह्या खुणा सगळ्यात आधी दिसतात हे खरंच आहे. पण तुमच्या ग्रुपमध्ये तशीच मिशी-टोपीवाले काका आहेत का? आजीच्या बहिणीचा चष्मा आणि कुंकू आजीसारखंच आहे. त्यामुळे मला दोघींतला फरक डोळ्यांतल्या अंतरावर आणि त्या डाव्या भुवईवरच दाखवावा लागला.

सोलापुरी चादर

काका आहेत. आणि आता आठवतंय, त्यांनी एकदा विचारलं होतं, “हा मी का?”

पळसफूल

मी तर फोनवर फोटो दाबून धरते, माणूस आपोआप कापला जातो, तोच स्टिकर. सासूबाईंच्या एकाच फोटोवर ‘हो’, ‘बरं’, ‘निघालो’ असं वेगवेगळं लिहिलं, पाच मिनिटांत काम झालं. फक्त ‘मी रागावले आहे’ ह्या स्टिकरवरही त्या प्रसन्नच दिसतात, त्यामुळे मुलगा तो शुभेच्छा म्हणून पाठवतो. ह्याला काही करता येतं का?

तैलरंग

पळसफूल, ‘हो’ आणि ‘बरं’ला शांत चेहरा चालतो, ते तसेच ठेवा. रागासाठी मात्र भुवया खाली आणि एकमेकींजवळ याव्या लागतात, पापण्या ताणलेल्या दिसाव्या लागतात, ओठ दाबलेले. फोटो ओढूनताणून ते नीट होत नाही. तेवढा एक चेहरा हाताने काढून घ्या. चष्मा असेल तर तो नाकावर खाली सरकवून वरून पाहणारे डोळे काढा. भुवया चौकटीतून मोकळ्या होतात.

रात्रपाळी

मला चेहऱ्याने नाही, कडेने रडवलं. आईचे केस पांढरे. स्टिकरभोवती पांढरी किनार घेतली आणि फिकट पार्श्वभूमीवर केसच नाहीसे झाले, आई टकली दिसायला लागली. किनारीच्या आत केसांना गडद करड्या रंगाची बारीक रेघ दिली, मग जमलं. किनार काढून टाकू नका, कारण काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या केसांच्या माणसाचं अगदी हेच होतं. दोन्हींवर पाठवून बघा.

व्हॉट्सॲपला ५१२ बाय ५१२ पिक्सेलची वेबपी फाइल लागते, न हलणारा स्टिकर १०० केबीच्या आत. सपाट रंग सहज बसतात. मी खरखरीत ब्रशने गालावर सुरकुत्या भरल्या होत्या, तर फाइल १०० केबीच्या वर गेली. तसाही फोनवर त्या सुरकुत्यांचा नुसता मळ दिसत होता. कपाळावर दोन आणि डोळ्याशेजारी दोन रेघा ठेवल्या, आई जास्त आईसारखी दिसली.

औदुंबर

माझे वडील गेले. चांगला फोटो एकच, ओळखपत्रासाठी काढलेला. त्यावरून मी त्यांचा खळखळून हसणारा स्टिकर काढला, वर तैलरंग यांनी लिहिलंय तसाच, गाल, पापण्या, सगळं. आईने बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, “चेहरा ह्यांचाच आहे रे, पण हे असे हसत नव्हते.”

मग तिने सांगितलं. ते तोंड उघडून हसतच नसत. ओठ घट्ट मिटून, डोळे जवळजवळ बंद करून, खांदे कानांपर्यंत उचलून हसायचे. फोटो छातीपर्यंतचा होता आणि मी स्टिकर मानेशी कापला होता. म्हणून चेहरा थोडा लहान केला, खांद्यांना जागा करून दिली, चौकड्याच्या शर्टाची कॉलर कानाला टेकवली. डोळ्यांच्या जागी दोन वाकड्या रेघा. फोटोतलं त्यात फारसं उरलं नव्हतं. आईने तो त्याच रात्री आत्याला पाठवला.

आता धाकट्या भावाला बाबा एका बाजूला वळून हाक मारताहेत असा हवा आहे. समोरच्या फोटोत नाकाचा बाक कळत नाही. आई म्हणते नाक सरळ होतं, आत्या म्हणते मध्ये उंचवटा होता. कुणी समोरच्या एकाच फोटोवरून बाजूचा चेहरा काढलाय का?

तैलरंग

पूर्ण बाजूचा नको. थोडासाच वळवा, दोन्ही डोळे दिसतील एवढा. फोटोत नाकाच्या दांड्यावरची उजेडाची पट्टी बघा, मध्येच रुंद किंवा जास्त उजळ झाली असेल तर उंचवटा असू शकतो. ओळखपत्राच्या फोटोत उजेड सपाट असतो, त्यामुळे खात्री देत नाही. भावाचं नाक कुणावर गेलंय?

औदुंबर

त्याचं आईवर. माझं बाबांवर, असं आत्या म्हणते. आज आरशासमोर बसून काढून बघतो.