'शिल्लक अपेक्षित गोल' हा शब्द बरोबर आहे का?

अनुवादिका: चालू सामन्यात फुटबॉलवरच्या पैजांचे भाव कसे ठरतात, यावरचा लेख मराठीत आणते आहे. सामन्याआधी एखाद्या संघाचे १.५ गोल अपेक्षित असतात आणि मिनिटं जातील तसा हा आकडा उतरतो. त्याला 'शिल्लक अपेक्षित गोल' आणि उतरण्याला 'क्षय' म्हटलंय. चालेल?

कसबेकर: 'शिल्लक' छानच. दीड अपेक्षित होते, एक झाला, अर्धा उरला. पासबुकासारखं लगेच कळतं.

गणितमास्तर: कसबेकर, इथेच घोळ आहे आणि तो 'शिल्लक' या शब्दानेच केलाय. गोल झाला म्हणून त्यातून एक वजा होत नाही. आकडा उतरवतं ते घड्याळ. साठाव्या मिनिटाला एकतृतीयांश वेळ उरतो, म्हणजे ढोबळमानाने ०.५. तोवर शून्य गोल झालेले असोत की दोन. गोलने बदलतो तो स्कोअर, आणि जिंकण्याचा भाव त्यामुळे उडी मारतो. उलट मागे पडलेला संघ जोर लावतो, म्हणून त्याचा आकडा किंचित वाढवतात. मी 'पुढचे अपेक्षित गोल' म्हणेन.

'क्षय'ही नको. किरणोत्सर्गी पदार्थ अर्ध्याचा अर्धा होत राहतो, पूर्ण संपत नाही. हा आकडा जवळपास सरळ रेषेत उतरून शेवटच्या शिट्टीला शून्य होतो. (दुसऱ्या अर्धात गोल थोडे जास्त होतात, त्यामुळे मध्यंतराला निम्म्याहून जरा जास्तच उरतो.)

अनुवादिका: मग 'सरणे'? डब्यातलं पीठ सरतं तसं?

गणितमास्तर: घड्याळापुरता चपखल. पण लाल कार्ड आलं की अडतो. २००६ ची चॅम्पियन्स लीग फायनल घ्या, पॅरिसमध्ये बार्सिलोना विरुद्ध आर्सेनल. अठराव्या मिनिटाला आर्सेनलचा गोलकीपर लेमान बाहेर. समजा, सुरुवातीला बार्सिलोनाचे १.५ आणि आर्सेनलचा १ धरला होता. ७२ मिनिटं उरली, म्हणजे १.२ आणि ०.८. कार्डानंतर बार्सिलोनाचा सव्वापट केला, आर्सेनलचा दोनतृतीयांशावर आणला, तर होतात १.५ आणि ०.५३. बेरीज २ ची २.०३. म्हणजे एकूण गोलांचा भाव जवळपास जागचा हलत नाही, पण कोण जिंकणार याचा पार फिरतो. आणि बार्सिलोनाचं 'सरलेलं' पीठ पुन्हा भरलं!

कोल्हापूरकर: 'शिल्लक' म्हणजे मैदानावर उरलेले दहा जण असं मी समजत होतो. पण शाहू स्टेडियमवर माणूस कमी झाला की आमची पोरं गोलसमोर भिंत करतात. समोरच्याचे गोल वाढतात कुठं?

गणितमास्तर: म्हणूनच त्यांची वाढ सव्वापटच धरली. दहा जणांचं नुकसान मोठं होतं ते पुढे जायला माणूस उरत नाही म्हणून. तुमचा संघ आघाडीवर असेल तर सव्वापटही जास्त ठरेल.

कसबेकर: पण त्या फायनलमध्ये दहा जणांच्या आर्सेनलनेच आधी गोल केला होता ना? सदतिसाव्या मिनिटाला, कॅम्पबेलने.

गणितमास्तर: हो. आणि तुमच्या पासबुकाप्रमाणे ०.५३ मधून एक वजा केला तर खातं उणे झालं असतं. बार्सिलोनाने शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन मारून २-१ केलं.

अनुवादिका: 'पुढचे अपेक्षित गोल' पक्कं. घड्याळासाठी 'सरणे' ठेवते. कार्डाने होणाऱ्या बदलाला मात्र एक शब्द हवा. 'उसळी' म्हटलं तर आर्सेनलची घसरण त्यात बसत नाही.