ग्लुकोमीटर खोटा आकडा कधी दाखवतो? अनुभव लिहा

लॅबवाली
शेजारच्या काकू आज मीटर हातात घेऊन घाबऱ्याघुबऱ्या आल्या. द्राक्षांचे मणी सोडवता सोडवता साखर तपासली, तर २८६! साबणाने हात धुवायला लावून दुसऱ्या हाताचं बोट टोचलं, १३१. कलेक्शन सेंटरवर द्राक्षांच्या हंगामात असेच आकडे घेऊन लोक यायचे, ते आठवलं म्हणून धागा काढतेय.

स्ट्रिप जेमतेम १ मायक्रोलिटर रक्त ओढते, काही त्याहूनही कमी. साखर १०० असेल तर तेवढ्या रक्तात ग्लुकोज असतं १ मायक्रोग्रॅम. तेवढ्याच द्राक्षरसात साधारण ७०. म्हणजे त्या इवल्याशा थेंबाचा सत्तरावा भाग बोटावर सुकलेला असला तरी १०० चे २०० होतात. बोट चिकट लागत नाही, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

अण्णा_सांगली
एवढं कशाला, स्पिरिटचा बोळा फिरवायचा की झालं. दवाखान्यात तेच करतात.

लॅबवाली
अण्णा, जंतूंसाठी बोळा ठीक, साखर त्याने नीट निघत नाही. २०११ मध्ये जपानी डॉक्टरांनी फळं सोलायला लावून हेच तपासलं होतं. पाच वेळा स्पिरिटने पुसूनही आकडा चढाच, नळाखाली हात धुतल्यावर मात्र बरोबर. शिवाय स्पिरिट ओलं असताना टोचलं तर ते थेंबात मिसळतं ते वेगळंच. धुवा आणि कोरडे पुसा. पाणी राहिलं तरी रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो.

मुग्धा
आंब्याचंही असंच का? आमच्याकडे पेटी उघडलीय 🙂

फार्मसीवाला
आंब्यात बरीचशी साखर उसातल्यासारखी असते, ती स्ट्रिप मोजत नाही. पण सुटं ग्लुकोजही असतं आणि गोंधळाला तेवढं पुरतं. मध जास्त वाईट.

संजय_क
माझं एचबीए१सी ७.४ आलंय, गोळी वाढवू का?

फार्मसीवाला
ते डॉक्टरांनाच विचारा दादा, इथे नको. बोटाला काय लागलंय याने त्या रिपोर्टवर फरक पडत नाही.

सिस्टर_वॉर्ड७
पिळण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. रक्त येत नाही म्हणून टोक दाबदाबून काढलं की पेशींभोवतालचं पाणी थेंबात उतरतं आणि आकडा कमी येतो. बरोबर पद्धत: कोमट पाण्याने हात धुवा, अर्धा मिनिट हात खाली सोडा, बोटाच्या टोकाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, आणि तळहाताकडून बोटाकडे हलकेच चोळत या. तरीही थेंब आला नाही तर टोचायच्या पेनवरचा खोलीचा आकडा एकाने वाढवून पुन्हा टोचा. हात धुणं शक्यच नसेल, तर पहिला थेंब कापसाने पुसून दुसरा घ्या.

लॅबवाली
सिस्टर, बाकी सगळं पटलं, पण कमीच येतो असं नाही म्हणता येणार. दाबून काढलेला थेंब दोन्हीकडे भरकटू शकतो.

सिस्टर_वॉर्ड७
मला तरी कमीच आलेला दिसतो. असो, दाबू नका यावर तर एकमत आहे ना.

मुग्धा
बाबांची बोटं इतकी निबर आहेत, रोज टोचताना बघवत नाही हो.

सिस्टर_वॉर्ड७
करंगळीशेजारच्या बोटाची कड घेऊन बघ गं. आणि लॅन्सेट दर वेळी नवा. बोथट झाला की जास्त दुखतं.

फार्मसीवाला
स्ट्रिपांबद्दल. डबीवरची तारीख न उघडलेल्या डबीची असते. उघडल्यावर काहींना तीन महिने, काहींना सहा, ते लेबलावर असतं. उघडल्याची तारीख मार्करने डबीवर लिहा. स्ट्रिपवर वाळवलेलं एन्झाइम असतं, ओल लागली की ते मरतं. डबीतच ओल शोषायची सोय असते, म्हणून प्रवासासाठी चार स्ट्रिपा गोळ्यांच्या डबीत काढून ठेवू नका. पावसाळ्यात कोकणात तर झाकण उघडं राहिलं की संपलंच. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर दव धरतं.

खराब स्ट्रिप दर वेळी एरर देत नाही, गुपचूप चुकीचा आकडाही देते. ओळखायचं कसं? कंट्रोल सोल्यूशनचा थेंब टाका आणि आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का बघा. आपल्याच मीटरच्या कंपनीचं हवं. दुकानात क्वचितच असतं, मागवावं लागतं.

अण्णा_सांगली
बरं, हात धुऊन बघतो. पण जेवणानंतर दोन तासांनी मीटर १८९ आणि लॅब १६८, ते कसं?

लॅबवाली
मीटरला १०० च्या वर १५ टक्के इकडेतिकडे चालतं. १६८ ला ते १४३ ते १९३ होतं, त्यात तुमचा आकडा बसतो. शिवाय जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेपेक्षा साखर जास्तच असते. तुलना उपाशीपोटी करा.

मुग्धा
हिमोग्लोबिन कमी असेल तर? बाबांचं ९ आहे.

लॅबवाली
बऱ्याच मीटरांवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. कितीने, ते मीटरवर अवलंबून. माहितीपत्रकात हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाची मर्यादा दिलेली असते, ती वाच आणि रिपोर्टमधल्या आकड्याशी लावून बघ. कोणतं मीटर आहे?