मदत हवी आहे: सेल्स ऑर्डरच्या जुन्या आवृत्त्या कशा जपायच्या?

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ऑर्डरसाठी मायएसक्यूएलवर बनवून घेतलेला प्रोग्राम वापरतो. गेल्या आठवड्यात २०० ब्रॅकेटची ऑर्डर कन्फर्म झाल्यावर कुणीतरी १५० केली. ग्राहक २०० च मागतोय आणि आमच्याकडे पुरावा नाही, कारण `updated_by` मध्ये फक्त शेवटचं नाव उरतं. त्यानंतर दुसऱ्याने डिलिव्हरीची तारीख बदलली आणि आधीचं नाव पुसलं गेलं.

आता `AFTER UPDATE` ट्रिगरने जुनी ओळ हिस्टरी टेबलात टाकतो. जुना आकडा मिळतो, पण माणूस नाही. सगळे एकाच डेटाबेस लॉगिनने जोडलेले, म्हणून `USER()` प्रत्येक वेळी तेच नाव देतं. `SET @app_user` करून पाहिलं, पण कनेक्शन पूलमुळे कधीकधी आधीच्याच माणसाचं नाव चिकटून राहतं. चुकीच्या माणसावर आळ येणं मला अजिबात नको आहे.

शिवाय एका सेव्हमध्ये पाच आयटम बदलले की पाच सुट्या नोंदी होतात. त्या ‘आवृत्ती ३’ म्हणून एकत्र दिसायला हव्यात. ट्रिगर सोडून प्रोग्राममधूनच, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, पूर्ण ऑर्डरची प्रत आवृत्ती क्रमांकासह ठेवावी का? कुणी असं केलंय का?