उरलेले ४ टक्के

"प्रवर्तक ६० टक्के, पब्लिक ३६ टक्के; मग उरलेले ४ टक्के शेअर कुणाचे?"

दादा, ते कर्मचाऱ्यांना देण्यासाठी शेअर राखून ठेवणाऱ्या कर्मचारी ट्रस्टचे; म्हणून कंपनीच्या भागधारकांच्या तक्त्यात ते दोन्ही गटांबाहेरच्या तिसऱ्या रकान्यात असतात. सेबीच्या २०२१ च्या नियमांनुसार विश्वस्तांना या शेअरवर मतदान करता येत नाही, त्यामुळे एकूण शेअर १ कोटी धरले तर ९६ लाखच मते उरतात आणि प्रवर्तकांचे ६० लाख प्रत्यक्षात ६२.५ टक्के भरतात. बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी करणाऱ्या माझ्या चुलतभावाने ठरलेल्या भावात शेअर घेण्याच्या ऑप्शनचे पैसे भरले, ट्रस्टमधले शेअर त्याच्या डीमॅटमध्ये आले आणि त्यानंतर ते पब्लिकमध्ये मोजले गेले.

ट्रेझरी शेअर निराळे: परदेशी कंपनी स्वतःचेच शेअर विकत घेऊन राखून ठेवते, त्यांना मत नसते, म्हणून ते एकूण संख्येतून वजा करूनच टक्केवारी काढावी. आपल्याकडे अशी खरेदी, म्हणजे बायबॅक, पूर्ण झाल्यावर ७ दिवसांत ते शेअर रद्द करावेच लागतात.