90 मिनिटांच्या रनमध्ये 7 टक्के डिकपलिंग: बेस कच्चा, की नुसता उकाडा?

नेरुळचा_धावक: रविवारी नेरुळच्या तलावाभोवती सपाट लूपवर 90 मिनिटं आरामात धावलो, पहाटे 5:40 ला सुरू केलं. पहिली 10 मिनिटं वॉर्मअप सोडला तर उरलेल्या 80 मिनिटांत पहिल्या अर्ध्यात पेस किलोमीटरला 6:40 आणि हार्ट रेट 142, दुसऱ्या अर्ध्यात पेस 6:45 आणि हार्ट रेट 151. ॲपमध्ये Pa:HR, म्हणजे पेस आणि हार्ट रेटचं डिकपलिंग, 7.1% दाखवतंय. ग्रुपवर म्हणाले 5 च्या वर म्हणजे एरोबिक बेस कच्चा. पण मे महिना आहे, घामाने शूज भिजले होते. हा आकडा कितपत धरायचा? छातीचा पट्टा होता, मनगटावरचं रीडिंग नाही.

घोडबंदर_रनर: अजिबात धरू नका. मी 6 वर्षं धावतोय, आपल्या हवेत हा आकडा फुकट आहे. घाम गेला की रक्तातलं पाणी कमी होतं, त्वचा गार ठेवायला रक्त तिकडे वळतं, मग हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं आणि ठोके वाढवून भरपाई करतं, यात तुमच्या एन्ड्युरन्सचा संबंध कुठे आला? हे 5 टक्के थंड देशातल्या लोकांचं गणित. नीट पाणी प्या, मिठाचं काहीतरी घ्या, ड्रिफ्ट जाईल.

वाशीची_मीनल: पेस तर जवळजवळ सारखाच ठेवलाय की, 5 सेकंदच पडला. मला तर दुसऱ्या अर्ध्यात 30 सेकंद पडतात आणि सगळे म्हणतात निगेटिव्ह स्प्लिट मार. तुमचा रन छानच झालाय, कशाला टेन्शन घेताय?

कोपरीची_ताई: मीनल, प्रश्न स्प्लिटचा नाही गं. पेस सारखा राहिला हे बरोबर, पण तो सारखा ठेवायला हृदयाला किती जास्त काम करावं लागलं ते बघायचंय. गणित सोपं आहे. पेस मिनिटाला मीटरमध्ये करायचा, 6:40 म्हणजे 150 मीटर, त्याला 142 ने भागलं की 1.056. दुसऱ्या अर्ध्यात 6:45 म्हणजे साधारण 148 मीटर, भागिले 151, म्हणजे 0.981. पहिल्यातून दुसरा वजा करून पहिल्याने भागलं की 7.1 टक्के घसरण. उलट बाजूने बघ, कोणी हार्ट रेट 140 ला बांधून धावला आणि पेस 6:40 वरून 7:10 वर गेला तर घसरण तेवढीच, 7 टक्के. तुझा 30 सेकंदांचा फरक हा तोच प्रकार असू शकतो, फक्त तू तो पेसमध्ये बघतेयस. तुझा हार्ट रेट दोन्ही अर्ध्यांत किती होता ते बघ, मग कळेल.

घोडबंदरदादा, उकाड्याचं कारण तुम्ही बरोबर सांगितलंत पण अर्धंच सांगितलंत. पाणी पिऊन ड्रिफ्ट कमी होतो, पूर्ण जात नाही. आणि त्याच उकाड्यात ज्याचा बेस पक्का आहे त्याची घसरण कमीच दिसते. 5 टक्के हा कोच जो फ्रील यांनी लोकप्रिय केलेला ठोकताळा आहे, लॅबची रेघ नाही, त्यामुळे 4.8 पास आणि 5.2 नापास असं करत बसू नये. पण म्हणून 7 ला फुकट म्हणायचं हे मला पटत नाही. नेरुळवाले, 20-20 मिनिटांचे तुकडे करून आकडे द्या ना, उत्तर तिथे मिळेल.

नेरुळचा_धावक: हे घ्या ताई. 5:50 पासून धरले.
140, पेस 6:40
144, पेस 6:40
150, पेस 6:44
152, पेस 6:46

घोडबंदर_रनर: बघा! तिसरा तुकडा म्हणजे 6:30 ते 6:50, ऊन अंगावर यायची वेळ. तिथेच 6 ने उडी मारली. सूर्य चढला आणि हार्ट रेट चढला.

कोपरीची_ताई: उडी तिथे आहे हे मान्य. पण पहिल्या ते दुसऱ्यात 4 वाढलेत, तेव्हा ऊन कोवळंच होतं. थोडी वाढ सगळ्यांचीच होते, दमट हवा पहाटेही असतेच, तरी मला वाटतं 4 पैकी काही बेसचे आहेत. शिवाय चौथ्या तुकड्यात ऊन आणखी चढलं पण हार्ट रेट फक्त 2 ने वाढला आणि पेस 2 सेकंद पडला. नुसतं ऊन असतं तर तिथेही मोठी उडी हवी होती. खात्रीने नाही सांगत, एका रनवरून वेगळं काढता येत नाही.

वेगळं काढायचं तर एक काम करा. सोसायटीच्या जिममध्ये एसी आणि पंखा लावून ट्रेडमिल 9 वर ठेवा, म्हणजे बरोबर 6:40 चा पेस. तशीच 90 मिनिटं, 10 वॉर्मअप सोडून. आधी आणि नंतर कोरडं अंग पुसून वजन करा म्हणजे पाणी किती गेलं ते कळेल. आदल्या दिवशी स्पीडवर्क नको आणि झोप नीट हवी, नाहीतर तोच गोंधळ परत.

उपवन_पाटील: माझं सांगतो. मला -4 टक्के आलं होतं, मी खूश, म्हटलं बेस तुफान झालाय. नंतर ग्राफ बघितला तर मनगटावरच्या घड्याळाने पहिली 20 मिनिटं हार्ट रेट 168 दाखवला, कॅडेन्सही 168! घड्याळ पावलंच मोजत होतं आणि तोच आकडा हार्ट रेट म्हणून देत होतं. मग एकदम 145 वर आलं. त्यामुळे आकडा फार चांगला आला तरी आधी ग्राफ बघा. आणि उपवनवरून येऊरच्या चढावर जाऊन हा आकडा काढू नका, मी तेही केलंय, जाताना चढ येताना उतार, पहिल्या अर्ध्यात पेस वाईट, दुसऱ्यात छान, आकड्याला काही अर्थच उरत नाही.

नेरुळचा_धावक: गुरुवारी ट्रेडमिल केला. एसी 24, पंखा समोर, 9 चा स्पीड शेवटपर्यंत. पहिल्या अर्ध्यात 141, दुसऱ्यात 146, म्हणजे 3.4 टक्के. वजन 68.4 वरून 67.6 झालं, मधे अर्धा लिटर पाणी प्यायलो, म्हणजे घाम 1.3 लिटर धरतो.

घोडबंदर_रनर: म्हणजे मी म्हणालो तेच. 7 मधले निम्मे गेले की उकाड्याचे.

कोपरीची_ताई: निम्मे गेले, निम्मे राहिले, आणि राहिलेले 3.4 चांगले आहेत. म्हणजे 90 मिनिटांपर्यंत, या पेसला, गारव्यात बेस आहे. पण एवढ्यावर सोडू नका, ट्रेडमिलवर वाराही नाही आणि रस्त्याचे बारीक चढउतारही नाहीत, तेवढी सूट मिळालेली आहे. आणि हा 90 मिनिटांचा निकाल आहे, 2 तासांचा नाही. 40 मिनिटं हळू धावून 2 टक्के आले म्हणून कोणी लाँग रन वाढवायला गेला तर फसेल, कारण घसरण उशिराच दिसते.

नेरुळचा_धावक: मग लाँग रन 2 तासांवर नेऊ का? जानेवारीची फुल मॅरेथॉन डोळ्यासमोर आहे.

घोडबंदर_रनर: न्या. जानेवारीत पहाटे गार असतं, तुम्हाला ट्रेडमिलचाच आकडा लागू.

कोपरीची_ताई: मी थांबले असते. जानेवारीतही फुल धावायला कितीतरी तास लागतात, शेवटचे 10 किलोमीटर उन्हातच जातात, तिथे रस्त्यावरचा 7 जास्त खरा. 3 आठवडे 90 मिनिटांवरच राहा, त्याच लूपवर, त्याच वेळेला, पेस थोडा हळू, 7:00 धरा, आणि दुसऱ्या तुकड्यातले ते 4 कमी होतात का बघा.

उपवन_पाटील: 3 आठवड्यांनी तर पाऊस येईल ताई, मग हवाच बदलली, मेच्या आकड्याशी तुलना कशी करणार?

कोपरीची_ताई: हे खरंय. तेव्हा रस्त्यावरच्या रनसोबत महिन्यातून एकदा ट्रेडमिलचा रनही 9 वर परत करावा लागेल, तोच एसी, तोच पंखा. रस्त्याच्या आकड्याचं काय करायचं ते मलाही अजून नीट सुटलेलं नाही.

वाशीची_मीनल: माझा बघितला. पहिल्यात 149, दुसऱ्यात 150, पेस 7:00 वरून 7:30. म्हणजे मलाही 7 च्या आसपास का?

कोपरीची_ताई: हो, थोडं जास्तच, 7.3 धर. आता तू पण तुकडे टाक.