मिनॉक्सिडिल: ड्रॉपरमध्ये नेमकं किती घ्यायचं आणि किती वेळ वाळू द्यायचं? घरात सात महिन्यांचं बाळ आहे

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. मी सांगलीत राहतो, वय ३१. टाळूवरचे केस विरळ झाले म्हणून स्किनच्या डॉक्टरांनी ५ टक्क्यांचं मिनॉक्सिडिल लिहून दिलं. सकाळी १ एमएल, रात्री १ एमएल. दोन महिने झाले.

अडचण अशी आहे की ६० एमएलची बाटली महिनाभर पुरायला हवी, पण मागची ३ तारखेला उघडली आणि २१ ला संध्याकाळी संपली. मी दरवेळी एकच ड्रॉपर भरून घेतो. जास्त घेतो असं मला तरी वाटत नाही.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. रात्री जेवण झालं की औषध लावतो, हात नळाखाली धरून टॉवेलला पुसतो आणि लेकीला झोपवायला घेतो. तिला माझ्या छातीवर झोपायची सवय आहे. तिचं कपाळ माझ्या डोक्याला टेकतं, मुठीत माझे केस धरते, कधी तोंडातही घालते. गेल्या पंधरा दिवसांत आईला तिच्या कपाळावर आणि कानशिलांपाशी दाट लव दिसायला लागली आहे. आई म्हणते, जावळासोबतची लव आहे, डाळीचं पीठ लावून चोळलं की जाईल. बायको म्हणते, आधी नव्हती.

औषध किती वेळात वाळतं? हात धुतले की पुरे का? बाळाला याने काही होऊ शकतं का?

कृष्णाकाठ_७७

दादा, मी दोन वर्षं वापरतोय. एवढं घाबरायचं कारण नाही. ड्रॉपर सोडा, स्प्रेवाली बाटली घ्या, सात फवारे म्हणजे १ एमएल. आंघोळ झाल्या झाल्या ओल्या डोक्यावर मारायचं, त्वचा मऊ असते तेव्हा चांगलं मुरतं. वाळवायची घाई असेल तर हेअर ड्रायर फिरवा, दोन मिनिटांत काम. हात मात्र साबणानेच धुवा, नुसतं पाणी चालत नाही.

सातारची_माई

अहो, मला यात एकच सांगायचं आहे. मी साताऱ्यात शाहूपुरीत असते. बाळंतपणानंतर केस फार गेले होते, दूध तोडल्यावर डॉक्टरांनी २ टक्क्यांचं दिलं. मी रात्री लावून लगेच आडवी व्हायची. तीन महिन्यांनी डाव्या गालावर, कानापासून खाली बारीक काळी लव आली. मी कायम डाव्या कुशीवर झोपते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच केला, उशी कोणत्या बाजूला असते? औषध उशीला लागत होतं आणि उशीचं गालाला. लावायची वेळ बदलली, अभ्रे रोज बदलले, तेव्हा चार-पाच महिन्यांत ती लव गेली. तुमच्या बाळाचं तेच असेल असं मी म्हणत नाही, पण हे असं लागतं, एवढं मात्र खरं.

फलटणचा_पोरगा

मला पण हाच प्रश्न आहे. दीड महिना झाला, अजून एक केस उगवला नाही, उलट जास्त गळताहेत. कोणती कंपनी चांगली? कांद्याचा रस सोबत लावला तर चालेल का?

मिरज_फार्मासिस्ट

मी मिरजेत मेडिकलमध्ये बसते, सोळा वर्षं झाली. आधी बाळाचं बोलते.

विश्रामबागकर, आज रात्रीपासून बाळ आणि तुमचं डोकं यांचा संबंध तोडा. लहान बाळांच्या अंगावर नको तिथे केस वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी कारण एकच निघालं: वडील डोक्याला मिनॉक्सिडिल लावत होते आणि बाळ त्यांच्या अंगाखांद्यावर होतं. म्हणूनच युरोपच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये बाटलीसोबतच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला सांगितलं. संपर्क थांबल्यावर ते केस काही महिन्यांत गेले, ही त्यातली दिलासा देणारी बाजू. पण तुमच्या लेकीचं तेच आहे की तिची स्वतःची लव, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि घरात हे औषध आहे हे आपणहून सांगा, नाहीतर ते त्यांच्या ध्यानात यायचं नाही. ती केस तोंडात घालते, हेही सांगा. आणि आईंना म्हणावं पीठ चोळू नका, कोवळी कातडी सोलवटेल.

आता हाताचं. मिनॉक्सिडिल पाण्यात फारच कमी विरघळतं, म्हणून तर बाटलीत अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल असतं. अल्कोहोल उडून गेलं की औषध मागे राहतं. काही जणांच्या डोक्यावर पांढरी पूड दिसते आणि लोक कोंडा समजून खाजवतात, ती बऱ्याचदा तीच असते. बोटांवरही तसंच राहतं. नुसतं पाणी लावून टॉवेलला पुसलंत, तर उरलेलं टॉवेलला गेलं, आणि त्याच टॉवेलने बाळाचं तोंड पुसत असाल तर तिथवर पोचलं. साबण लावून बोटांच्या बेचक्या आणि नखांखाली नीट चोळा. तुमचा टॉवेल वेगळा ठेवा. कपाळावर ओघळ आला असेल तर तोही धुवा.

कृष्णाकाठदादा, साबणाचं तुमचं अगदी बरोबर. ओल्या डोक्याचं आणि ड्रायरचं नाही. ओल्या डोक्यावर औषध पातळ होतं, ओघळतं, आणि भिजलेल्या त्वचेतून किती आत जाईल याचा भरवसा राहत नाही. डोकं कोरडं हवं. ड्रायरही नको, अल्कोहोल पेट घेणारं असतं. वाळेपर्यंत गॅसपाशी किंवा समईपाशीही वाकू नका. फवाऱ्यांची संख्या त्या त्या पंपावर असते. तुमच्या पंपाला सात असेल, दुसऱ्याला दहा. पत्रकात बघूनच ठरवायचं.

विश्रामबागकर, मोजमापाचं बोलू, पण आधी एक सांगा. ड्रॉपरवर १ एमएलची रेघ आहे ना? तुम्ही रेघेपर्यंत घेता की ड्रॉपर पूर्ण भरता? आणि छातीत धडधड, चक्कर, पायाला सूज असं काही?

विश्रामबागकर

ताई, रेघ आहे. 'एक ड्रॉपर' असं कोणी म्हणालं की मी रबर पूर्ण दाबून सोडतो, भरेल तेवढं घेतो. रेघेकडे कधी बघितलंच नाही.

धडधड म्हणाल तर दुसऱ्या आठवड्यापासून कंपनीत जिना चढताना जाणवते. दिवसाला पाच-सहा चहा होतात, त्याचं असेल समजून सोडून दिलं.

मिरज_फार्मासिस्ट

ते सोडून देऊ नका. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले, तेव्हा ती डोक्यावर लावायची कल्पना निघाली. त्वचेतून रक्तात जाणारा भाग थोडा असतो, पण लावायचं प्रमाण वाढलं की तोही वाढतो. बीपी आणि नाडी तपासून घ्या, आणि डॉक्टरांशी बोलेपर्यंत औषध थांबवा. चार दिवस थांबल्याने केसांचं बिघडत नाही. नंतर ते भरून काढायला दुप्पट मात्र लावायचं नाही.

आता मोजून बघा. मेडिकलमधून सुई नसलेली २ एमएलची सिरिंज आणा. नेहमी भरता तसा ड्रॉपर भरा, छोट्या वाटीत रिकामा करा आणि सिरिंजने ओढून आकडा वाचा. लगेच करा, अल्कोहोल उडतं. सिरिंज नंतर टाकून द्या, घरात राहिली की बाळाच्या औषधाला वापरली जाते.

सातारची_माई

ताई, फलटणच्या मुलाला पण सांगा ना काहीतरी, त्याचं तसंच राहिलं.

मिरज_फार्मासिस्ट

हो. बाळा, पहिल्या दोन महिन्यांत जुने केस गळणं बऱ्याच जणांना होतं. परिणाम दिसायला चार महिने तरी लागतात. कांद्याचा रस सोबत नको; आग झाली, खाज आली तर कशाने आली तेच कळणार नाही. कंपनीचं नाव मी सांगणार नाही.

विश्रामबागकर

मोजलं. १.६ एमएल आलं. दोनदा करून बघितलं, दुसऱ्यांदाही तेवढंच. म्हणजे दिवसाला ३.२. साठ भागिले ३.२ केलं तर पावणेएकोणीस दिवस येतात. ३ तारीख ते २१ तारीख. हिशोब तंतोतंत लागला आणि हातपाय गार पडले.

रेघेपर्यंत घ्यायला बसलो तर जमतच नाही, कधी कमी येतं, कधी बुडबुडा.

मिरज_फार्मासिस्ट

ड्रॉपर बाटलीत असतानाच हळू सोडा, मग उभा धरून रेघ डोळ्यांच्या पातळीला आणा. जास्त असेल तर थेंब थेंब बाटलीतच परत सोडा. बुडबुडा आला तर सगळं सोडून पुन्हा घ्या. आणि एक एमएल एकदम ओतू नका. केसांत भांग पाडून टाळू उघडी करायची, चार-पाच थेंब, बोटाने पसरायचं, मग शेजारी दुसरा भांग. केसांवर पडलेलं औषध वायाच जातं, आणि बाळाच्या मुठीत तेच येतं.

वाळण्याचं बघा. अल्कोहोल काही मिनिटांत उडतं, डोकं हाताला कोरडं लागतं, आणि इथेच फसगत होते. ग्लायकॉल तेलकट असतं, ते बराच वेळ राहतं. पावसाळ्यात आपल्याकडे हवा दमट असली की आणखी. झोपण्याआधी दोन ते चार तास धरून चला. टिश्यू पेपर टाळूवर दाबा. डाग उमटला तर वाळलेलं नाही. डाग नाही उमटला तरी बाळाला डोक्याला टेकू द्यायचं नाही, कोरड्या केसांवरही औषध असतंच. लावल्यावर चार तास डोकं धुवायचं नाही.

कृष्णाकाठ_७७

ताई, ड्रायरचं खरंच माहीत नव्हतं. आमच्या घरी मांजर आहे, पायथ्याशी झोपतं. त्याला काही?

मिरज_फार्मासिस्ट

मांजरांसाठी हे विष आहे. अगदी थोडं चाटण्यात आलं तरी मांजरं दगावलेली आहेत. उशीपासून लांब ठेवा, सांडलेला थेंब लगेच पुसा, आणि चाटलंय अशी शंका आली तरी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या, लक्षणांची वाट बघू नका.

विश्रामबागकर

काल दोन्हीकडे जाऊन आलो. माझी नाडी १०४ होती. स्किनच्या डॉक्टरांनी दोन आठवडे पूर्ण बंद ठेवायला सांगितलं आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणाल्या की फक्त लव बघून त्या ठरवणार नाहीत. कपाळाचे फोटो काढून ठेवले आहेत, सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं. आई पीठ लावायचं थांबली आहे. लेक आता बायकोकडे झोपते, माझ्याकडे यायला हात करते तेव्हा फार वाईट वाटतं.

पुन्हा सुरू केलं तर रात्रीचा डोस साडेसातला घेईन. सकाळचं मात्र अजून सुटलेलं नाही. आठला लावतो आणि साडेआठला हेल्मेट घालून कुपवाडला निघतो, आतलं अस्तर ओलं होतं. डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं. कोणी सकाळचा डोस हेल्मेटसोबत सांभाळतं का?

सातारची_माई

आमचे हे पहाटे साडेपाचला लावून फिरायला जातात. पण ते आठनंतरच गाडी काढतात. अर्ध्या तासात कसं जमवायचं, ते मलाही ठाऊक नाही.