अनुभव धागा : जुन्या ग्राहकाला थकबाकीचं पत्र पुन्हा लिहिताना

प्रेसवाली
परवा प्रेसमधलं जुनं कपाट रिकामं करताना बाबांची पत्रांची फाईल सापडली. टाइप केलेल्या स्मरणपत्रांच्या कार्बन प्रती. प्रत्येकात पहिल्याच ओळीत बिल नंबर, तारीख, येणे रक्कम, आणि शेवटी 'लोभ असावा'. मी त्याच आठवड्यात आमच्या सगळ्यात जुन्या ग्राहकाला असंच पत्र लिहीत होते, म्हणून हा धागा काढला. तुम्ही कसं लिहिता, पुन्हा लिहिताना काय बदललंत, ते सांगा.

ग्राहक मसालेवाले आहेत. बाबांच्या वेळेपासून त्यांचे खोके आमच्याकडेच छापले जातात, मालकांना मी काका म्हणते. माझा पहिला मसुदा असा होता :

"आदरणीय काका, सा. न. आपल्याला त्रास द्यायचा नव्हता, पण कागदवाल्याचे पैसे द्यायचे असल्याने जमल्यास लवकरात लवकर थोडंफार पेमेंट केलंत तर बरं होईल. गैरसमज नसावा."

यात रक्कम नाही, तारीख नाही. 'थोडंफार' म्हटलं की थोडंफारच येतं. ऑगस्टमध्ये फोनवर हेच बोलले होते, तर २५ हजार आले आणि विषय संपला असं त्यांच्याकडे धरलं गेलं. शिवाय कागदवाल्याचं कारण दिलं की काका म्हणणार, त्याला मी सांगतो थांबायला. म्हणजे माझ्या कामाचे पैसे बाजूला राहिले आणि माझी अडचण चर्चेत आली.

दुसरा मसुदा रात्री लिहिला, रागात. 'वारंवार सांगूनही', 'अन्यथा कायदेशीर'. तो पाठवला नाही. पाठवला तो हा :

"सप्रेम नमस्कार. आपल्या खात्यावर आज पुढील रक्कम येणे आहे.
बिल ४१२, ६ जून : रु. ६८,४४०
बिल ४३१, २७ जून : रु. ५४,२००
बिल ४५८, १९ जुलै : रु. ४१,३००
८ ऑगस्टला मिळालेले रु. २५,००० बिल ४१२ मध्ये जमा केले आहेत. एकूण बाकी रु. १,३८,९४०. आपल्यातील ठरलेली ३० दिवसांची मुदत तिन्ही बिलांची उलटली आहे. ही रक्कम २५ सप्टेंबरपर्यंत खात्यात जमा व्हावी ही विनंती. बिलांत काही फरक वाटत असल्यास १८ तारखेपर्यंत कळवावे, आम्ही लगेच तपासून देऊ. दिवाळीच्या खोक्यांचे डिझाइन तयार आहे. बाकी जमा होताच कागद मागवून काम लावतो. सोबत खातेउतारा जोडला आहे. लोभ आहेच."

कृष्णाकाठ
२५ हजार जुन्या बिलात टाकलेत हे पत्रात लिहिलंत ते लाख मोलाचं. आमच्याकडे एकाने ऑन अकाउंट पैसे पाठवले, वर्षभराने म्हणतो ते नव्या बिलाचे होते, जुनं बिल आलंच नव्हतं. मग आपण बसा पोच शोधत.

आजरा घनसाळ
कुठला मसाला हो? कांदा लसूण का? आमच्याकडे अजून डंकावर करून आणतात 😀

प्रेसवाली
कांदा लसूणच, पण नाव नाही सांगणार 🙂

भोसरीकर
मी जॉबवर्क करतो, टर्निंगचं. पत्र बित्र जुन्या पार्टीला चालत नाही. आमचे एक शेठ आहेत, त्यांना मेल केला की चार दिवस फोन उचलत नाहीत. मी शनिवारी दुपारी जाऊन बसतो. चहा होतो, पोरांची चौकशी होते, उठताना म्हणतो "शेठ, तेवढं बघा". सोमवारी चेक. तुमचं पत्र चांगलं आहे पण दिवाळीचं काम अडवल्यासारखं वाटतं मला. काकांना लागेल ते.

टिळक रोड
@भोसरीकर तुम्ही जाऊन बसू शकता. तिला काका "अगं बाळ, देतो की" म्हणणार आणि चहा पाजून परत पाठवणार. मी गेले आहे यातून, आमचा युनिफॉर्म शिवायचा धंदा. ताई, मी एक केलं, तुम्हालाही सांगते. नातं फोनवर ठेवायचं आणि हिशोब कागदावर. आधी मालकांना फोन करायचा, "काका, आज ऑफिसला खातेउतारा पाठवतेय, जरा नजर टाका". मग पत्र फर्मच्या नावाने, अकाउंटंटला, मालकांना प्रत. त्या पत्रात काका नाही, बाळ नाही. अकाउंटंटला तुमच्याशी नातं नसतं, त्याला बिल नंबर आणि तारीख लागते, ती मिळाली की तो पुढच्या यादीत नाव घालतो. बहुतेक वेळा मालकांना माहीतही नसतं की बिल अडकलंय.

आणि 'काम लावतो' हे वाक्य ठेवाच. त्यात धमकी नाही, तुमच्या प्रेसमध्ये काम कुठल्या क्रमाने होतं एवढंच सांगितलंय.

अनुवादिका
माझा अनुभव वेगळा आहे, बाहेरच्या देशातल्या एजन्सीचा. तिथे सगळे नेट ४५ नेट ६० वर काम देतात आणि आठवण केली की कुणी रागावत नाही, उलट अकाउंट्सवाली बाई लगेच "पुढच्या गुरुवारच्या रनमध्ये" असं कळवते. आपल्याकडच्या एका प्रकाशनाला मात्र मी दोन वर्षं नुसतं "सर, मानधनाचं कळवाल का" एवढंच लिहीत राहिले. (घाईत लिहितेय, कुकर लावलाय)

वर्दे
तुमची लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे का? असेल तर ४५ दिवस झाले की व्याज आपोआप लागतं, पत्रात टाका. आणि पार्टीला खर्च मिळत नाही इन्कम टॅक्समध्ये. एक ओळ लिहा, पळत येतील.

ताळेबंद
वर्दे म्हणतात त्यात तथ्य आहे, पण अर्धं. ४५ ही कमाल मर्यादा आहे, तीही लेखी करार असेल तर. प्रेसवालींची ३० दिवसांची मुदत तोंडी दिसते. लेखी काही नसेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. व्याजाचा दर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्यागणिक चक्रवाढ. हक्क आहे, पण ते तुमच्या खात्यात आपोआप येत नाही. मागावं लागतं, नाही दिलं तर सरकारी पोर्टलवरून थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जावं लागतं. जुन्या ग्राहकाशी तिथवर कोण जातं?

इन्कम टॅक्सचं कलम म्हणजे १९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच). २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झालं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत आणि ३१ मार्चला बाकी राहिले, तर त्या वर्षी माल घेणाऱ्याला तो खर्च धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणजे सप्टेंबरात ते दाखवून उपयोग नाही. जूनचं बिल त्यांनी फेब्रुवारीत दिलं तरी त्यांचा खर्च त्याच वर्षात बसतो. हे हत्यार फेब्रुवारी-मार्चचं आहे, आणि तेव्हा त्यांचा सीएच त्यांना फोन करून सांगतो, तुम्हाला लिहावंही लागत नाही. फक्त बिलावर उद्यम नंबर छापलेला हवा, नाहीतर त्यांच्या सीएला तुम्ही लघु की मध्यम की कोण हे कळणार कसं.

म्हणून पहिल्या पत्रात कायदा नको. दुसऱ्यात एकच ओळ चालेल, "आमची फर्म उद्यम नोंदणीकृत आहे, क्रमांक बिलावर आहे." बाकी त्यांना कळतं.

कृष्णाकाठ
माझं हार्डवेअरचं दुकान आहे, उद्यमही आहे. मलाही लागू ना?

ताळेबंद
नाही हो. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्यांची उद्यम नोंदणी बँकेच्या कर्जापुरती धरली जाते. उशिरा पैसे देण्याचं हे संरक्षण उत्पादन आणि सेवा देणाऱ्यांना.

कृष्णाकाठ
म्हणजे आम्ही वसुलीला चालतच जायचं 😟

सोसायटी सेक्रेटरी
आमच्या सोसायटीत दोन फ्लॅटवाले मेंटेनन्स देत नाहीत, त्यांनाही असंच पत्र लिहू का? खरं सांगायचं तर नोटीस बोर्डवर नावं लावायची होती, समितीत मतभेद झाले.

टिळक रोड
@सोसायटी सेक्रेटरी ते प्रकरण वेगळं, सहकार कायद्यात येईल. पण रक्कम, कुठल्या महिन्यांची, कधीपर्यंत, हे तीन तिथेही लागेलच. नावं लावू नका.

प्रेसवाली
सगळ्यांचे आभार, वाचतेय. टिळक रोड यांचं ऐकून काकांना आधी फोन केला आणि पत्र अकाउंटंटला पुन्हा पाठवलं, 'सप्रेम' काढून.

अकाउंटंटचा आज फोन आला. म्हणाले ४५८ च्या चलनावर त्यांच्या गोडाऊनवाल्याने खोके कमी मिळाल्याचं लिहिलंय, म्हणून ते बिल बाजूला ठेवलं होतं, आणि त्याच्यासोबत बाकीची दोनही राहिली. 'फरक वाटत असल्यास कळवावे' हे वाक्य नसतं तर हे कळलंच नसतं. आता चलन तपासतेय. कमी गेले असतील तर तेवढ्याची क्रेडिट नोट देईन. पण ४१२ आणि ४३१ ला काही वाद नाही, म्हणून त्यांचे रु. ९७,६४० ठरल्या तारखेला द्यावेत असं वेगळं लिहिलंय.

ताळेबंद
बरोबर केलंत. वादातलं बिल वेगळं काढणं महत्त्वाचं, नाहीतर तेवढ्यासाठी सगळं अडतं. एक आणखी करा, त्यांच्याकडून खातेउताऱ्यावर 'शिल्लक मान्य' असं सही-शिक्क्यानिशी घ्या. दरवर्षी ३१ मार्चचं तर घ्याच. वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं असते, आणि मुदत संपायच्या आत लेखी कबुली मिळाली तर ती तिथून पुन्हा मोजली जाते. हिशोबाची नेहमीची पद्धत म्हणून मागितलंत तर जुन्या ग्राहकाला त्यात वावगं वाटत नाही.

भोसरीकर
हे पटलं. मी चहा पितो आणि कागद काहीच नाही माझ्याकडे. पण काम थांबवायचं मात्र अजून पटत नाही. माझी मशीन रिकामी राहिली तर हप्ता कोण भरणार? प्रेसवालीताईंकडे दुसरी कामं असतील.

प्रेसवाली
@भोसरीकर नाहीत हो फार. दिवाळीच्या कामात सगळ्यात मोठा खर्च कागदाचा आहे आणि तो मला रोखीने घ्यावा लागतो. आधीचे न येता पुन्हा घातले तर माझे दुप्पट अडकतात. म्हणून लिहिलं. त्यांनी कागदाचा ॲडव्हान्स दिला तरी काम लावेन, हे फोनवर सांगितलंय.

अनुवादिका
व्हॉट्सॲपवर पाठवायचं की मेलवर? मी मेल करते आणि मग व्हॉट्सॲपवर "सर मेल केलाय" असं.

टिळक रोड
मीही तसंच. निळ्या टिका दिसल्या की जरा बरं वाटतं 😀

भोसरीकर
ताळेबंद साहेब, एक विचारतो. माझ्या पार्टीच्या पर्चेस ऑर्डरवर ६० दिवस छापलंय. मी सही केलीय.

ताळेबंद
६० छापलं असलं तरी कायद्यापुढे ४५च. तुमचं काम उत्पादनात मोडतं आणि उद्यम असेल, तर ४६व्या दिवसापासून तुमचा हक्क सुरू होतो.

भोसरीकर
मग ऑर्डर ४५ ची करून मागू का? शेठ म्हणतील दुसरा टर्नर बघतो. शनिवारी जातोय, बघतो काय म्हणतात.